तीन भाषांतल्या एका ओळीच्या मेसेजला उत्तर कसं द्यायचं? (मैत्रीण दुखावली आहे)

शाईपेन

एका ओळीबद्दल विचारायचं आहे. एकाच ओळीबद्दल, पण तीन दिवस झाले, ती डोक्यातून जात नाहीये.

शाळेपासूनची मैत्रीण. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही, नुसतं राहून गेलं. रविवारी रात्री अचानक तिचा मेसेज आला. तिने सगळा रोमन अक्षरांत टाइप केला होता, मी इथे देवनागरीत उतरवते. फक्त एक शब्द मुद्दाम तसाच ठेवते, कारण घोळ तिथेही झाला.

"हाय डिअर, कैसी हो? कित्येक दिवसांत बोललोच नाही गं. फ्री कधी असतेस सांग, kal कॉल करते"

मी अर्धा तास विचार केला आणि उत्तर दिलं:

"नमस्कार. मी छान आहे. तुम्ही कशा आहात? खूप दिवसांनी आठवण काढलीत, बरं वाटलं. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते."

लगेच तिचं उत्तर आलं, "रागावलीयेस का गं माझ्यावर?" आणि त्यानंतर एकही मेसेज नाही.

मी का असं लिहिलं ते सांगते. शाळेत आम्ही दोघी फक्त मराठीत बोलायचो, अगदी अरे-तुरेत. "कैसी हो" वाचलं आणि वाटलं, ही आता तू म्हणत नाहीये. "हो" म्हणजे तुम, म्हणजे तुम्ही. अकरा वर्षांनी तिने अंतर ठेवलंय, तर आपणही मान ठेवून लिहावं. आणि ते kal मी "काल" असं वाचलं. आदल्या दिवशी तिने फोन केला होता की काय म्हणून मिस्ड कॉल शोधत बसले. सोमवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, तो घेता आला नाही.

आता "रागावलीयेस का" याला काय लिहू? आणि एरवीही अशा ओळीला उत्तर देतात तरी कसं? तिन्ही भाषा मला येतात. पण अशा मिसळून मी कधी टाइप केलेल्या नाहीत. हात चालत नाही.

उंबरठा

शाईपेन, यात घाबरण्यासारखं काही नाही. साधा नियम आहे, समोरचा जसा बोलतो तसं आपण बोलायचं. माणसं एकमेकांना आवडत असली की त्यांची भाषा जवळ येते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. तिने तीन भाषा वापरल्या, तुम्ही तीन वापरा. हायला हाय, हिंदीला हिंदी, मराठीला मराठी. उदाहरणार्थ:

"हाय डिअर, अच्छी हूँ, तू कैसी हो? हो ना, कित्येक दिवस झाले गं. इव्हनिंग में सातनंतर फ्री असते."

असं पाठवलं असतं तर काहीच झालं नसतं.

सदाफुली

मला तर तुमचं उत्तर अतिशय सुंदर वाटलं. नमस्कार, बरं वाटलं, मोकळी असते. किती छान शब्द! यात चुकलं काय? मैत्रिणीला मराठी येतं, तिला ते कळलंही. मग आपण का हाय-डिअर करायचं? माझी नातवंडं तीन भाषांच्या मिश्रणात वाढताहेत. त्यांच्याशी बोलताना मी ठरवून मराठीच धरून ठेवते, कारण मी सोडलं तर त्यांना "मोकळी" हा शब्द कोण ऐकवणार? तुम्ही माफी मागू नका, असं मनापासून वाटतं.

शाईपेन

सदाफुली, तुमची कळकळ पोचली. पण माझा प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा नाहीये हो. तिला वाटलं मी रागावलेय. ते मला पुसायचं आहे.

उंबरठा, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. पण ते माझं वाटत नाही. पाठवलं तर तिला कळेल की मी कुणाला तरी विचारून लिहिलंय.

अनुस्वार

शाईपेन, मी बरीच वर्षं भाषाविज्ञान शिकवलं आहे. तुमची ओळ वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या उत्तरात भाषा चुकलेली नाही, पायरी चुकली आहे. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. बरोबरीच्या मैत्रीत तू चालतं आणि तुमही सर्रास चालतं. अगदी जिवलग मैत्रिणी आयुष्यभर एकमेकींना तुम म्हणतात, त्यात परकेपणा नसतो. परकेपणा किंवा मान दाखवायचा तर आप येतं. मराठीत मैत्रिणीला तू, आणि तुम्ही म्हटलं की समोर वडीलधारं किंवा अनोळखी माणूस उभं राहतं. म्हणजे हिंदीतलं तुम कानाला आपल्या तुम्हीसारखं लागतं, पण मैत्रीत त्याची जागा आपल्या तूच्या शेजारी आहे. तुम्ही आवाजाचं भाषांतर केलंत, जागेचं राहून गेलं. तिच्या बाजूने पाहा. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि तुम्ही दोन पावलं मागे सरलात. रागावलीस का, हाच प्रश्न तिला सुचणार.

आणि पुरावा त्या ओळीतच आहे. "असतेस" हे तूचं रूप. "सांग" हे तूचं रूप, तुम्ही असतं तर "सांगा". आणि "गं" तर तुम्ही म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून येणंच कठीण. तीन ठिकाणी तिने तू म्हटलंय. तुम्ही एका "हो"वर थांबलात, कारण ते आधी आलं.

म्हणून अशी मिसळलेली ओळ आली की मी आधी क्रियापदं बघतो. तिची ओळ मोजली तर सोळा शब्द आहेत. चार इंग्रजी, तीन हिंदी, नऊ मराठी. पण नुसती मोजणी फसवते. क्रियापदं बघा: हो, बोललो, असतेस, सांग, करते. एक हिंदी, चार मराठी, इंग्रजी एकही नाही. "कॉल" हे इंग्रजी नाम आहे, काम करतंय ते "करते". कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी 1993 साली हीच गोष्ट मांडली. एक भाषा चौकट उभी करते, बाकीच्या भाषांमधले शब्द त्या चौकटीत येऊन बसतात. प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं चौकटीची असतात. तुमच्या मैत्रिणीची चौकट मराठी आहे. ती तुमच्याशी मराठीतच बोलतेय.

मग "हाय डिअर, कैसी हो" काय आहे? ते दारावर टकटक करणं आहे. मलिनॉव्स्की यांनी 1923 साली अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं होतं. त्यात माहिती द्यायची-घ्यायची नसते, संबंध जागा करायचा असतो. हे तुकडे अख्खे, तयार मिळतात आणि बोटांवर बसलेले असतात. ते कुठल्या भाषेतले आहेत यावरून ती तुम्हाला कुठल्या पायरीवर बघते ते ठरवू नका. खरी ओळ "कित्येक दिवसांत" पासून सुरू होते.

उंबरठा, जवळ येण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. हॉवर्ड जाइल्स यांनी 1970च्या दशकात त्यावर मोठं काम केलं. पण त्याच कामात पुढचं म्हणणंही आहे, जवळ येणं प्रमाणाबाहेर गेलं की ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते. शिवाय तुमच्या नमुन्यात "तू कैसी हो" आलंय. तूबरोबर "है" हवं, "हो" तुमबरोबर जातं. सवय नसताना मिसळायला गेलं की जोड नेमका क्रियापदापाशी सुटतो, आणि रोज मिसळणाऱ्याच्या कानाला तो लगेच कळतो.

शाईपेन

"असतेस" मला दिसलंच नाही. म्हणजे वाचलं, पण दिसलं नाही. आत्ता मेसेज उघडून पुन्हा पाहिला आणि रडू आलं. ती तर पहिल्यापासून तूच म्हणत होती.

कंदील

अनुस्वार सर, पायरीचं पटलं. पण माझ्या मते अर्धा दोष पूर्णविरामांचा आहे. "मी छान आहे." टिंब. "बरं वाटलं." टिंब. आमच्या वयाची मुलं चॅटमध्ये टिंब दिलं की विषय संपला असं समजतात. 2015 मध्ये यावर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. टिंब दिलेली उत्तरं लोकांना कमी मनापासूनची वाटली.

अनुस्वार

कंदील, तो अभ्यास एका शब्दाच्या उत्तरांवर होता. कुणी काही सुचवलं आणि उत्तर नुसतं "हो" आलं किंवा "हो" पुढे टिंब देऊन आलं, एवढ्यातला फरक. इथे चार-पाच वाक्यं आहेत, ती वेगळी करायला काहीतरी लागणारच. टिंबं काढून "तुम्ही कशा आहात" तसंच ठेवलं असतं तर ती दुखावली नसती असं तुम्हाला वाटतं का?

कंदील

दुखावली असती. पण कमी. मी यावर ठाम आहे. पाच वाक्यांत चार टिंबं आणि एकही इमोजी नाही, हे समोरच्याला दिसतंच.

पारंबी

kal बद्दल मी सांगते, कारण रोमन टायपिंगने मला चांगलाच धडा दिलाय.

रोमनमध्ये मराठी "काल" आणि हिंदी "कल" एकसारखेच दिसतात. त्यात हिंदीतलं कल म्हणजे कालही आणि उद्याही. त्यामुळे शब्दाकडे कितीही वेळ बघून काही कळत नाही. मी सरळ ओळीच्या शेवटी जाते. "kal कॉल करते" यात "करते" आहे, म्हणजे व्हायचं आहे, म्हणजे उद्या. झालेलं असतं तर "केला" आलं असतं. तुमच्या मैत्रिणीने हिंदी कल आणि मराठी करते असं जोडलंय. बोलताना अजिबात खटकत नाही, फक्त लिहिल्यावर अडतं.

जिथे क्रियापदच नसतं तिथे मात्र मी अंदाज करत नाही. "kal सुट्टी" एवढंच आलं तर विचारते. उत्तरातही kal परत लिहीत नाही, वार लिहिते. "मंगळवारी ना?" असं लिहिलं की समोरच्याला तपासल्यासारखं वाटत नाही आणि आपलंही पक्कं होतं.

माझा धडा असा. एका मित्राने विचारलं, "दुपारी भेटू?" मी लिहिलं bara. मला म्हणायचं होतं "बरं", वेळ नंतर ठरवू. त्याने वाचलं "बारा". तो बाराला येऊन दीड तास उन्हात उभा होता आणि मी घरी जेवत होते. त्याचा फोन बंद पडलेला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला काही माहीतच नाही. तो बोलला काही नाही, पण त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून वेळ मी आकड्यातच लिहिते, 12 म्हणजे 12. आणि "बरं" लिहायचं झालं तर कीबोर्ड बदलून देवनागरीत लिहिते.

दुसरा असाच शब्द me. मराठीत तो मी, हिंदीत तो में, इंग्रजीत मला. "me call" एवढंच आलं की फोन कोण कुणाला करणार? मी दोनदा वाट बघत बसलेय. एक "करते" किंवा "कर" जोडलं की प्रश्नच उरत नाही.

शाईपेन

पारंबी, "करते"वरून उद्या! मी त्या तीन अक्षरांवर दहा मिनिटं घालवली आणि पुढचा शब्द वाचलाच नाही.

अनुस्वार सर, एक विचारू? माझ्या उत्तरात सातनंतर मोकळी असते हे मी शेवटी लिहिलं होतं. तिने मुळात तेच विचारलं होतं ना? ते उशिरा आलं म्हणूनही तिला कोरडं वाटलं असेल का?

अनुस्वार

असू शकतं. हार्वे सॅक्स यांनी टेलिफोनवरच्या साध्या गप्पा टिपून त्यांचा बारीक अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की एका दमात दोन प्रश्न विचारले तर ऐकणारा बहुधा शेवटचा प्रश्न आधी उचलतो आणि मग मागे जातो. कारण शेवटचा प्रश्न हातात गरम असतो. तुमच्या मैत्रिणीने कैसी हो विचारलं, पण थांबली ती फ्री कधी असतेस इथे. "अगं सातनंतर फ्री असते, कर ना कॉल" असं सुरू झालं असतं तर पहिल्या तीन शब्दांतच तिला कळलं असतं की तुम्हाला बोलायचंय. तुम्ही तिला नमस्कार, छान, कशा आहात अशा तीन खोल्यांतून फिरवून मग तिथे आणलंत.

पण हे बोलण्यातलं निरीक्षण आहे. चॅटमध्ये अख्खी ओळ डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे क्रमाचा जोर थोडा कमी होतो. पायरी चुकली नसती तर क्रमाने एवढं बिघडलं नसतं असं मला वाटतं.

झुळूक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण मराठी, इंग्रजी आणि कन्नड मिसळून लिहिते. तिसरी भाषा मला येतच नाही. कालचा मेसेज: "हाय, हेगिद्दीया? काय विशेष?" कसा आहेस असं असणार, एवढं कळलं. मी "फाइन, तू?" लिहून मोकळा झालो. पण तिने तो एक शब्द माझ्यासाठी टाकला होता आणि मी तो ओलांडून पुढे गेलो असं वाटत राहिलं. न येणाऱ्या भाषेला उत्तर द्यावं का?

पारंबी

झुळूक, माझी मावशी कन्नड बोलणारी, म्हणून सांगते. "चेन्नागिद्दीनी" म्हणजे मी छान आहे. एवढं एक लिहा आणि बाकी नेहमीसारखं. पण एक सांभाळा. हेगिद्दीया हे तूचं रूप आहे. तेच उचलून तिच्या आईला किंवा मोठ्या कुणाला पाठवू नका, तिथे "हेगिद्दीरा" लागतं. न येणाऱ्या भाषेतला शब्द आपण जसाच्या तसा परत देतो तेव्हा त्याची पायरीही नकळत परत देतो.

उंबरठा

म्हणजे शेवटी सगळ्या भाषा एक होणारच. सांगली जिल्ह्यात कुपवाडला मराठी, कन्नड, उर्दू वगैरे बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आणि त्यांच्या भाषा मिसळून गेल्या, असं वाचलंय. आपलं चॅटही त्याच वाटेवर आहे.

अनुस्वार

कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. तिथे घडलं ते जवळजवळ उलटं होतं, म्हणून थांबवतो. तिथल्या लोकांनी शब्द आपापले राखले. कन्नड घरात कन्नड शब्द, उर्दू घरात उर्दू. पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. आपल्या चॅटमध्ये शब्द इकडून तिकडे जातात आणि बांधणी एकाच भाषेची राहते. "फ्री कधी असतेस" यात "फ्री"च्या जागी "मोकळी" घाला, "रिकामी" घाला, वाक्याला धक्का लागत नाही.

सदाफुली

मग तिने "मोकळी"च का घालू नये? हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तू म्हणून लिहा, अगं म्हणून लिहा, सगळं मान्य. पण मैत्रिणीने फ्री म्हटलं म्हणून आपण मोकळी सोडायचं का?

अनुस्वार

सोडू नका. "मोकळी" हा शब्द कोरडा नाही. "अगं मोकळीच आहे, कर ना" यात काय कमी आहे? मी फक्त एवढं म्हणेन की समोरच्याने वापरलेला एखादा शब्द आपल्या उत्तरात परत आला की ऐकलं गेल्याची खूण पटते. तो "फ्री" असेल, "कॉल" असेल, "कित्येक दिवसांत" असेल. एक पुरतो.

सदाफुली

तर मी "कित्येक दिवसांत" निवडेन.

कंदील

मी "फ्री" निवडेन. "मोकळी" लिहिलं की माझ्या मित्रांना मी आजीच्या फोनवरून टाइप करतोय असं वाटेल. हे वाईट आहे की चांगलं ते मला माहीत नाही, पण आहे तसं आहे.

अनुस्वार

दोघंही आपापल्या मैत्रीबद्दल बरोबर सांगताय. शाईपेन, आता तुमच्या हातातलं काम बघू. "रागावलीयेस का गं माझ्यावर?" या ओळीत मिसळ नाहीच. पूर्ण मराठी. हे तुमच्या लक्षात आलं का? गप्पांचा सूर होता तोवर तीन भाषा होत्या. मनाला लागलं तशी ती एका भाषेत आली, तुमच्या दोघींच्या शाळेतल्या भाषेत. त्यामुळे उत्तरही तिथेच द्या. हिंदी घालायची गरज नाही, इंग्रजी येईल तेवढं येऊ द्या. आधी "नाही", मग कारण, जसं इथे लिहिलंत तसंच.

शाईपेन

एवढं लिहिलंय, पाठवलं नाहीये अजून:

"नाही गं, अजिबात नाही. तुझं कैसी हो वाचलं आणि मला वाटलं तू मला आता तुम्ही म्हणतेयस. म्हणून मीपण तुम्ही म्हटलं. चुकलं माझं. सोमवारी मीटिंगमध्ये होते म्हणून फोन घेता आला नाही. आज 7 नंतर फ्री आहे, कॉल कर ना"

डिअरचं काय करू? तिने म्हटलंय तर मीही म्हणायला हवं का? माझ्या बोटांतून ते येत नाही.

कंदील

टाका बिनधास्त. कुणी त्याचा अर्थ लावत बसत नाही.

पारंबी

येत नसेल तर नका टाकू. शाळेत एकमेकींना काय हाक मारायचात? काहीतरी असेलच. डिअरच्या जागी ते लिहा.

आणि पाठवण्याआधी एकदा सगळं वाचा. इंग्रजी शब्दकोश चालू असला की कीबोर्ड मराठी शब्द आपल्या मनाने बदलतो. माझ्या bagh चं कितीदा तरी bag झालंय. "नाही"चं भलतंच काही व्हायला नको, आज तरी.

शाईपेन

हाक होती. इथे नाही लिहीत, ती तिची आणि माझीच आहे. पण तीच लिहून सुरुवात केली आणि पाठवलं.

झुळूक

मीही चेन्नागिद्दीनी पाठवलं. तिकडून सलग चार ओळी कन्नडमध्ये आल्यात. आता काय करू? तिला वाटलेलं दिसतंय की मला येतं.

पारंबी

"एवढंच येतं, बाकी सांग ना" असं लिहा. तिला सांगायला आवडेल.

अनुस्वार

किंवा त्या चार ओळींतला एक शब्द निवडून त्याचा अर्थ विचारा. पण मी तुमच्या मैत्रिणीला ओळखत नाही. काहींना शिकवायला आवडतं, काहींना गप्पांत थांबून अर्थ सांगणं नकोसं होतं. तिच्या पुढच्या उत्तरावरून तुम्हालाच कळेल.

शाईपेन

रात्रीचे साडेदहा झालेत, पण आजच लिहायचं होतं.

सात वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला. दोन तास बोललो. मी "कैसी हो"चं विचारलं. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. ती इतकी वर्षं हिंदी बोलणाऱ्यांत राहतेय की कुणालाही लिहायला घेतलं की सुरुवात तशीच होते. मला लिहिताना तिने ते वेगळं असं टाइपही केलं नव्हतं, म्हणाली, बोटांनी केलं. "तुम्ही कशा आहात" वाचून मात्र तिने फोन उलटा ठेवला होता आणि रात्री जेवली नव्हती. हे तिने अगदी शेवटी सांगितलं.

आणि अनुस्वार सर, फोनवर ती जवळजवळ पूर्ण मराठीत बोलली. एकदा-दोनदा "मतलब" म्हणाली, एवढंच. लिहिताना तीन भाषा आणि बोलताना एक, असं का होतं?

अनुस्वार

याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. बोलताना तुमचा आवाज तिच्या कानात होता आणि त्या आवाजाला ती शाळेपासून मराठीतच उत्तर देत आली आहे, हे एक कारण मला संभवतं. लिहिताना समोर आवाज नसतो, नुसता कीबोर्ड असतो, आणि त्या कीबोर्डवर ती रोज दुसऱ्यांशी बोलते. पुढच्या फोनला लक्ष ठेवा आणि इथे सांगा.

शाईपेन

सांगते.

आत्ताच तिचा मेसेज आलाय. "चल गुड नाइट, सो जा आता". यावेळी थांबले नाही, विचारही केला नाही. ho, tu pan असं लिहून पाठवून दिलं. पाठवल्यावर दिसलं, माझं हे ho आणि तिच्या "कैसी हो"मधलं ho स्क्रीनवर अगदी सारखंच दिसतंय.